ओटीपी मी दिला होता, पण माल आलाच नाही: चार्जबॅकचा माझा अनुभव

"मॅडम, ओटीपी तुम्हीच टाकला होता ना? मग बँक यात काही करू शकत नाही."

हे वाक्य मी कस्टमर केअरच्या वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं, शाखेत ऐकलं, आणि शेवटी बँकेच्या ईमेलमध्येही वाचलं. ते चुकीचं आहे. माझे पैसे परत येऊन आता बरेच दिवस झाले, तरी ते वाक्य आठवलं की अजून राग येतो. कारण हेच ऐकून किती जण गप्प बसले असतील, आणि विक्रेत्याच्या "सात ते दहा कामकाजाच्या दिवसांत रिफंड" या आश्वासनावर महिने काढले असतील! म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचा राजारामपुरीत घरगुती मसाल्याचा व्यवसाय आहे. मार्च ते मे हा आमचा हंगाम. कोल्हापुरात वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, याच दिवसांत होते. लक्ष्मीपुरीतून मिरची आणायची, वाळवायची, डंकावर नेऊन कांडून आणायची, हे आम्ही वर्षानुवर्षं करत आलो. पण ऑर्डरी वाढल्या तसं डंकावर नंबर लावून बसणं परवडेना. म्हणून या हंगामाआधी घरीच सिंगल फेजवर चालणारा दोन एचपीचा पल्व्हरायझर, म्हणजे मसाला दळायचं मशीन, घ्यायचं ठरवलं. परराज्यातल्या एका कंपनीच्या वेबसाइटवर तो ३२,४०० रुपयांना होता. १२ फेब्रुवारीला पूर्ण रक्कम क्रेडिट कार्डाने भरली. "२८ फेब्रुवारीपर्यंत डिलिव्हरी" असं ऑर्डरच्या ईमेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच फिरतं.

पैसे भरण्याआधी कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला होता की कार्डाऐवजी सरळ बँक खात्यावर पाठवले तर दोन टक्के सूट देतो. मी नाही म्हटलं. अनोळखी विक्रेत्याला आगाऊ पैसे द्यायचे तर ते कार्डानेच, हा माझा नियम आहे, आणि या वेळी त्यानेच मला तारलं. एनईएफटीने किंवा आयएमपीएसने गेलेल्या पैशाला चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे मागे ओढण्याची सोय, नसतो. यूपीआयची तक्रार ॲपमधून आणि यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या व्यवस्थेतून जाते, ती वाट वेगळी आहे. मी इथे लिहिते आहे ते कार्डाबद्दल. डेबिट कार्डालाही चार्जबॅक असतो, फक्त तिथे पैसे तुमच्या खात्यातून आधीच गेलेले असतात.

२८ फेब्रुवारी गेली. मशीन आलं नाही. आधी "ट्रान्सपोर्टमध्ये आहे", मग "मोटर बदलायची आहे", मग "पुढच्या आठवड्यात नक्की". इकडे मिरची वाळून तयार होती, त्यामुळे पुन्हा डंकावरच जावं लागलं. १८ मार्चला मी ईमेल करून ऑर्डर रद्द केली आणि पैसे परत मागितले. २० मार्चला उत्तर आलं: रद्द केल्याची नोंद घेतली आहे, रिफंड सुरू केला आहे, सात ते दहा कामकाजाच्या दिवसांत जमा होईल. सोबत एक रिफंड क्रमांकही दिला होता.

एप्रिल उजाडला तरी काही आलं नाही. फोन केला की "आमच्याकडून गेलेत, तुमच्या बँकेला विचारा." बँकेला विचारलं की "आमच्याकडे काही आलेलं नाही, मर्चंटला विचारा." हे दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहतात आणि आपण मध्ये फिरत राहतो.

यातून मला सोडवलं ते माझ्या मावसभावाने. तो पुण्यात कार्ड पेमेंटच्या क्षेत्रात काम करतो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, त्यांनी एआरएन दिलाय का?"

एआरएन म्हणजे ॲक्वायरर रेफरन्स नंबर. विक्रेत्याने कार्डावर खरोखर रिफंड केला, की त्याची बँक तो व्यवहार व्हिसा, मास्टरकार्ड अशा नेटवर्ककडे पाठवते आणि त्याला २३ अंकी क्रमांक मिळतो. तो हातात आला की आपली बँक त्यावरून रिफंडचा माग काढू शकते. मला कंपनीने दिलेला क्रमांक आठ अक्षरांचा होता. तो त्यांच्या स्वतःच्या संगणकातला नोंद क्रमांक, बँकेच्या दृष्टीने त्याला काहीच किंमत नाही. मी ईमेल करून एआरएन मागितला, तर उत्तर आलं, "फायनान्स टीमला कळवलं आहे." मागूनही एआरएन मिळत नसेल, तर रिफंड निघालेलाच नाही असं धरून चालावं.

आणि वाट बघायची की चार्जबॅक करायचा, हा निर्णय माझ्या मते इथेच होतो. एआरएन मिळाला असेल तर थांबा. पैसे वाटेत आहेत, आणि अशा वेळी चार्जबॅक टाकला तर एकाच रकमेचे दोन परतावे होतात, विक्रेता पुरावा देऊन आपला दावा पाडतो आणि नसता गुंता होतो. एआरएन नाही, कबूल केलेली तारीख उलटून गेली, आणि उत्तरं तीच ती येत असतील, तर थांबण्यात तुमचा काही फायदा नाही. विक्रेत्याचा मात्र आहे, कारण चार्जबॅकला मुदत असते आणि ती तुम्ही थांबलात म्हणून थांबत नाही.

व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत माल न मिळाल्याच्या दाव्याला साधारण १२० दिवस मिळतात. ते व्यवहाराच्या तारखेपासून, किंवा माल मिळण्याची जी शेवटची तारीख ठरली होती तिच्यापासून मोजले जातात. व्हिसाची वरची मर्यादा व्यवहारापासून ५४० दिवस आहे. माझ्या बाबतीत २८ फेब्रुवारीपासून १२० दिवस म्हणजे २८ जून. एप्रिलच्या मध्यावर हातात दोन महिन्यांपेक्षा थोडा जास्त वेळ होता. "पुढच्या महिन्यात बघू" असं दोनदा केलं असतं तर दार बंद. काही बँका आपल्या फॉर्मवर याहून कमी, ३० किंवा ६० दिवसांची मुदत छापतात. शक्यतो तिच्या आत अर्ज करा. ती उलटली असेल तर नेटवर्कची मुदत अजून शिल्लक आहे हे लेखी दाखवून द्या आणि दावा पुढे पाठवण्याचा आग्रह धरा.

आता चार्जबॅक म्हणजे नेमकं काय, ते माझ्या भाषेत सांगते. आपल्याला कार्ड देणारी एक बँक असते आणि विक्रेत्याचे कार्डाचे पैसे गोळा करणारी दुसरी, तिला ॲक्वायरर म्हणतात. मध्ये नेटवर्क असतं. आपण तक्रार केली की आपली बँक ठरलेल्या कारणाच्या कोडखाली दावा नेटवर्कवर टाकते, आणि ती रक्कम ॲक्वायररकडून मागे ओढली जाते. ॲक्वायरर ती विक्रेत्याच्या पुढच्या जमेतून कापतो. विक्रेत्याला दावा मान्य करता येतो किंवा पुरावे देऊन लढता येतो. म्हणजे विक्रेत्याने मेहेरबानी करून पैसे पाठवायचे, ही गोष्टच यात उरत नाही. माल दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

सगळं त्या कारणाच्या कोडवर अवलंबून असतं, आणि माझं घोडं तिथेच अडलं.

मी कस्टमर केअरला फोन करून "व्यवहाराबद्दल तक्रार आहे" असं सांगितलं. पलीकडच्या मुलाने विचारलं, "हा व्यवहार तुम्ही केला होता का?" मी म्हटलं, "हो, मीच केला. पण माल आला नाही, ऑर्डर रद्द झाली, रिफंड नाही." त्याने सगळं ऐकून घेतलं, "तक्रार नोंदवतो" म्हणाला, आणि पुढच्या काही मिनिटांत मेसेज आला की माझं कार्ड ब्लॉक झालं आहे आणि नवीन कार्ड पाठवलं जाईल. मी लगेच उलट फोन केला, तर दुसऱ्या मुलीने सांगितलं, "तक्रार नोंदवली की सुरक्षेसाठी कार्ड बंद होतंच." ते तसं होत नाही. कार्ड बंद होतं ते फसवणुकीच्या तक्रारीत, कुणीतरी तिसऱ्याने कार्ड वापरलं असेल तर. माझी तक्रार त्या मुलाने "व्यवहार मी केलेला नाही" या सदरात टाकली होती.

पुढे काय होणार ते मला माझ्या भावाने आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. बँकेने व्यवहाराची नोंद तपासली, ओटीपी बरोबर टाकला गेला होता हे दिसलं, आणि मे महिन्यात ईमेल आला: व्यवहार तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवरच्या ओटीपीने प्रमाणित झालेला आहे, त्यामुळे तो वैध असून तक्रार बंद करण्यात येत आहे.

ओटीपीचा अर्थ एवढाच की पैसे द्यायला मान्यता कार्डधारकाने दिली. म्हणून "मी केलाच नाही" या कारणाखालचा दावा ओटीपी असेल तर टिकत नाही, आणि ते रास्तच आहे. पण ओटीपीवरून माल पोचला हे कसं सिद्ध होईल? व्हिसाच्या नियमांत फसवणुकीचा गट १० क्रमांकाचा आहे आणि ग्राहकाच्या तक्रारींचा १३ क्रमांकाचा. माल किंवा सेवा न मिळणं म्हणजे १३.१, कबूल केलेला रिफंड न येणं म्हणजे १३.६. या दोन्हीत कार्डधारकाने व्यवहार स्वतः केला, हे गृहीतच धरलेलं असतं. मी पैसे दिले, म्हणून तर माल मागते आहे.

रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा आदेशही याच गोंधळात पुढे केला जातो. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही, दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा, हे सगळं त्यात आहे. पण तो अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. शाखेतल्या बाई मला म्हणाल्या, "तीन दिवसांत कळवायला हवं होतं." कशाच्या तीन दिवसांत? माल १६ दिवसांनी यायचा होता! मी तसं विचारलं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. "कार्डाचा विभाग मुंबईला आहे, शाखेतून काही होत नाही" असं म्हणून त्यांनी मला कस्टमर केअरचाच नंबर लिहून दिला. भर उन्हात गेले होते मी. शाखेत जाऊ नका एवढंच सांगेन, क्रेडिट कार्डाच्या दाव्याला तिथे जाऊन काही हाती लागत नाही.

इथे आणखी एक नियम वेगळा काढते, कारण तोही लोक यात मिसळतात. खात्यातून किंवा कार्डावरून पैसे गेले पण विक्रेत्याकडे व्यवहार पोचलाच नाही, स्क्रीन अडकली, ऑर्डर झाली नाही, असं असेल तर तो फसलेला व्यवहार. त्याला २०१९ चा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: ऑनलाइन कार्ड व्यवहारात पाच दिवसांत रक्कम आपोआप परत, नाही आली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. माझी ऑर्डर झाली होती, तिची पावतीही आली होती. त्यामुळे हा नियम मला लागू नव्हता आणि मी तो मागितलाही नाही.

तर तक्रार बंद झाल्याचा ईमेल हातात, मे महिना निम्मा सरत आलेला, आणि २८ जून समोर. आता फोन करायचा नाही असं मी ठरवलं. फोनवर आपण काय सांगतो आणि पलीकडे काय टिपलं जातं याचा पत्ता लागत नाही. बँकेच्या वेबसाइटवर डिस्प्यूट फॉर्म असतो, शोधायला वेळ लागतो पण असतो. त्यात कारणांची यादी असते आणि प्रत्येकापुढे चौकोन. "व्यवहार मी केला नाही" हा चौकोन सगळ्यात वर. मी "माल किंवा सेवा मिळाली नाही" या अर्थाचा चौकोन निवडला.

"रिफंड जमा झाला नाही" हाही एक चौकोन होता, आणि कंपनीचा २० मार्चचा ईमेल हातात असल्याने तोही चालला असता. त्यावर माझा भाऊ म्हणाला, "ताई, माल न मिळाल्याचा दावा कर. त्यात माल दिल्याचा पुरावा त्यांना आणावा लागतो. रिफंडच्या दाव्यात तू दाखवलेल्या कागदाचा अर्थ काय, यावर वाद घालायला त्यांना जागा राहते." रिफंडच्या कारणाखाली विक्रेत्याने लेखी कबूल केल्यापासून साधारण १५ दिवस थांबावंही लागतं. वस्तू मिळाली, तुम्ही ती परत पाठवली आणि मग पैसे अडले, असं असेल तर मात्र रिफंडचंच कारण योग्य. तिथे वस्तू परत पोचल्याची कुरिअरची पावती लावावी लागते.

फॉर्म भरून मी तो बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या ईमेलवर पाठवला. हा पत्ता प्रत्येक बँकेच्या वेबसाइटवर आणि क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर असतो. सोबतचं पत्र छोटं ठेवलं. त्यातला मुख्य मजकूर असा होता:

"हा व्यवहार मी स्वतः केला आहे आणि ओटीपीही मीच दिला आहे. माझी तक्रार फसवणुकीची नाही. माल २८ फेब्रुवारीपर्यंत मिळणार होता, तो मिळालेला नाही. १८ मार्चला मी ऑर्डर रद्द केली, २० मार्चला विक्रेत्याने रिफंड मान्य केला, रिफंड आलेला नाही आणि मागूनही एआरएन दिलेला नाही. माझी आधीची तक्रार चुकीच्या कारणाखाली नोंदवून बंद केली आहे. माल न मिळाल्याच्या कारणाखाली चार्जबॅक दाखल करावा. नेटवर्कची मुदत २८ जूनला संपते."

जोडलेले कागद म्हणजे डिलिव्हरीची तारीख असलेली ऑर्डरची पावती, रद्द केल्याचा ईमेल, त्यांचं उत्तर, एआरएन मागितल्याचा ईमेल आणि व्यवहार दाखवणारं स्टेटमेंटचं पान. विक्रेत्याशी आधी स्वतः सोडवायचा प्रयत्न केला हे दाखवणं नियमातच आहे, म्हणून ते ईमेल महत्त्वाचे. तुमचं सगळं बोलणं फोनवर झालं असेल, तर आजच एक ईमेल टाका आणि झालेलं बोलणं त्यात लिहून काढा. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉटही चालतात, पण त्यात नंबर आणि तारीख दिसली पाहिजे.

पत्राच्या शेवटी मी लिहिलं होतं की ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. ही पोकळ धमकी नाही. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस झाले, किंवा तिने नाकारली, तर cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही. आठवडाभरात बँकेतून एका बाईंचा फोन आला, आणि त्यांना विषय पूर्ण माहीत होता! त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: वस्तूचं वर्णन काय, आणि डिलिव्हरीचा पत्ता कोणता. त्याच आठवड्यात दावा दाखल झाला आणि ३२,४०० रुपये कार्डावर तात्पुरते जमा दिसले. त्या दिवशी मला किती हलकं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. जे काम दोन फोन कॉलमध्ये व्हायला हवं होतं त्यासाठी एवढं भांडावं लागलं, कारण आधीच्या एकालाही कारणाच्या यादीतला फरक माहीत नव्हता.

तात्पुरती जमा म्हणजे आपले पैसे आले असं समजून खर्च करू नका. दावा हरलो तर बँक ती परत वळती करते. माल न मिळाल्याच्या तक्रारीत काही बँका अशी जमा देतात, काही निकालापर्यंत देत नाहीत. आणि मधल्या काळातलं बिल? मी पूर्ण भरलं होतं. "वाद चालू आहे म्हणून ती रक्कम भरणार नाही" असं परस्पर ठरवलं तर व्याज आणि विलंब शुल्क चढतं, आणि ते पुढे काढून घेणं हा आणखी एक लढा होऊन बसतो. बिल भरा, दावा स्वतंत्र चालू द्या, जिंकलात की रक्कम जमेला येते.

दावा दाखल झाल्यावर चार दिवसांतच कंपनीचा फोन आला. इतके दिवस जो माणूस फोन उचलत नव्हता, तो आता "ताई" म्हणून बोलत होता. चार्जबॅक मागे घ्या, लगेच रिफंड करतो. मागे घेतल्याचं पत्र व्हॉट्सॲप करा, संध्याकाळपर्यंत पैसे. त्याची घाई मला कळत होती. रक्कम तर त्याच्याकडून कापली जातेच, वर प्रत्येक दाव्यामागे त्याला शुल्क पडतं, आणि चार्जबॅकचं प्रमाण वाढलं की पैसे गोळा करणारी बँक त्याची सेवा बंद करू शकते. मी म्हटलं, "तुम्ही बँकेला दावा मान्य असल्याचं कळवा, तेवढं पुरे." तुम्हीही मागे घेऊ नका. एकदा मागे घेतलेला दावा त्याच व्यवहारावर पुन्हा उभा करणं बहुधा जमत नाही. रिफंडसाठी खात्याचे तपशील, ओटीपी किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला कुणी सांगितलं तर फोन ठेवून द्या. कार्डाचा रिफंड त्याच कार्डावर येतो, त्याला यातलं काहीच लागत नाही.

मी मागे घेत नाही हे बघून कंपनीने लढायचं ठरवलं. विक्रेत्याला उत्तराला साधारण महिनाभर मिळतो. जुलैमध्ये बँकेचा ईमेल आला की मर्चंटने डिलिव्हरीचा पुरावा दिला आहे, तुमचं म्हणणं सात दिवसांत कळवा. बरेच दावे इथे हरतात, कारण असा ईमेल जाहिरातींच्या गर्दीत पडून राहतो. उत्तर गेलं नाही की विक्रेत्याचा पुरावा मान्य समजला जातो. दावा चालू असेपर्यंत रोज स्पॅमचं फोल्डरसुद्धा बघत जा.

पुराव्यात एक टॅक्स इनव्हॉइस होतं आणि एका कुरिअर कंपनीची पावती. पावतीवर "डिलिव्हर्ड" असा शिक्का. पहिल्यांदा वाचलं तेव्हा छातीत धस्स झालं. मग शांतपणे एकेक रकाना वाचला. पिनकोड आमच्या भागातला नव्हता, तर जिल्ह्याबाहेरचा होता. वजन लिहिलं होतं ४०० ग्रॅम. दोन एचपीची मोटर असलेलं लोखंडी मशीन ४०० ग्रॅमचं कसं असेल? त्यांच्याच वेबसाइटवर त्या मॉडेलचं वजन ५२ किलो दिलं होतं. घेणाऱ्याच्या सहीच्या जागी कसलीतरी आद्याक्षरं होती, ती आमच्या घरात कुणाचीच नाहीत. मी कुरिअरच्या साइटवर तो क्रमांक टाकून माग काढला, त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला, वेबसाइटवरच्या वजनाच्या पानाचा घेतला, ऑर्डरच्या पावतीवरचा माझा पत्ता अधोरेखित केला, आणि तीन वाक्यांत उत्तर पाठवलं: पिनकोड वेगळा, वजन अशक्य, सही आमची नाही. मशीन पोचलं होतं, तर रिफंड २० मार्चला का मान्य केला, हा प्रश्नही त्याखाली लिहिला. विक्रेत्याने पाठवलेला पुरावा बँकेकडून मागून घेऊन स्वतः वाचा. "पुरावा आला आहे" एवढ्यावर दावा सोडू नका.

त्यानंतर कंपनीने पुढे नेलं नाही. प्रकरण तिथे मिटलं नसतं तर नेटवर्ककडे लवादात गेलं असतं. तिथे हरणाऱ्या बाजूच्या बँकेला मोठं शुल्क पडतं, त्यामुळे ५२ किलोच्या जागी ४०० ग्रॅमची पावती घेऊन तिथपर्यंत सहसा कुणी जात नाही. ऑगस्टमध्ये बँकेने कळवलं की दावा तुमच्या बाजूने बंद झाला आहे आणि जमा कायम केली आहे.

चार्जबॅक कधी करू नये, हे मध्येच राहिलं. मन बदललं, रंग आवडला नाही, किंवा "परत घेतलं जाणार नाही" अशी अट स्पष्ट दिसत असताना मान्य केली, तर दावा टिकत नाही. आणि स्वतः केलेल्या व्यवहाराला "मी केलाच नाही" म्हणणं हे खोटं निवेदन आहे, कुणी कितीही सुचवलं तरी तसं लिहू नका. मोठ्या शॉपिंग साइटवरची वस्तू असेल तर आधी त्यांच्या तक्रार व्यवस्थेतून जा, तिथे एआरएन बहुधा मागितल्याबरोबर मिळतो. त्याउलट, कंपनी बुडते आहे अशी बातमी आली तर एक दिवसही थांबू नका. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने विमानं थांबवून दिवाळखोरीचा अर्ज केला. अशा प्रक्रियेत कंपनीकडे रिफंड मागणारा ग्राहक इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत मागे उभा राहतो. चार्जबॅकचा दावा विक्रेत्याच्या बँकेवर जातो, कंपनीच्या तिजोरीत काय उरलंय यावर तो अवलंबून नसतो.

निकाल लागल्यावर पुढची दोन स्टेटमेंट ओळ न ओळ तपासा. माझ्या स्टेटमेंटमध्ये बँकेने ब्लॉक केलेल्या कार्डाच्या बदल्यात पाठवलेल्या नव्या कार्डाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी लावला होता. तक्रार चुकीच्या सदरात बँकेने टाकली, कार्ड बँकेने बंद केलं, मग शुल्क मी का भरायचं? त्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला, त्याच तक्रार क्रमांकाखाली, मी ते परत मागितलं. शुल्क आधी आलं आणि जीएसटी राहिला होता. तो मागून घ्यावा लागला, आणि मी तो घेतला.